खाडाखोडीतला खरा आकडा



या व्याख्यानमालेत संतांवर, इतिहासावर, नव्या शेतीवर बोलणारे वक्ते आपण ऐकले आहेत. आमचा आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. किंबहुना तो एका आकड्याएवढाच आहे. जुन्या सातबाऱ्याचे छायाचित्र समोर आहे. त्यातला एक आकडा खोडून वर दुसरा लिहिला आहे, दुसरा जागच्या जागी गिरवला आहे, तिसऱ्यापुढे कोणाची तरी आखूड सही आहे. आता नव्या तक्त्यात उतरवून घ्यायचा तो आकडा कोणता, एवढाच आजचा प्रश्न.

किनवटकरांना हा प्रश्न नवा नाही. हा तालुका १९५६ सालच्या १ नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानातून पुढे आलेल्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि नांदेडला जोडला गेला. त्यामुळे आपल्याकडच्या एकाच शेताची कथा कधी उर्दू आकड्यांत, कधी मराठी आकड्यांत, कधी फसली सनात, तर कधी इसवी सनात लिहिलेली सापडते. एकर आणि गुंठे गेले, हेक्टर आणि आर आले. प्रत्येक बदलाच्या वेळी कोणीतरी जुन्या पानावरून नव्या पानावर आकडा उतरवला आणि जिथे शाई चुकली तिथे खाडाखोड झाली. आता गेल्या काही वर्षांत कागद स्वतः हाती येत नाही, त्याचे छायाचित्र येते. कोणी तहसिलात उभे राहून हातातल्या फोनवर काढलेले, कोणी ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यातील जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हापासून तर अशी छायाचित्रे घरोघर दिसू लागली आहेत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की छायाचित्र कागदातले काही गुण काढून घेते. कागद हाती असला तर तो उजेडासमोर धरता येतो, तिरपा करून शाईचा उठाव पाहता येतो, पान उलटता येते. छायाचित्रात हे काहीच नसते. मागच्या पानावरची शाई पुढे उमटलेली असते आणि ती या बाजूच्या आकड्याचाच भाग वाटू लागते. कागदाची घडी आकड्यावरून गेली म्हणजे आकडा खोडल्यासारखा दिसतो. आमचा अनुभव असा की, ‘खोडलेला’ म्हणून दाखविलेल्या आकड्यांपैकी बरेच आकडे मुळी खोडलेलेच नसतात. यावर उपाय सोपा आहे. रेघ आकड्यापाशी सुरू होऊन आकड्यापाशीच संपते काय, की पुढे शेजारच्या रकान्यातून सरळ पानाच्या कडेपर्यंत जाते, ते पाहावे. माणूस आकडा खोडतो तेव्हा हात आकड्याइतकाच फिरतो. घडीला रकान्याची मर्यादा नसते. मागून उमटलेली शाई ओळखायची तर चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे करून पाहावे. डाग अक्षर म्हणून वाचता येऊ लागला तर तो मागच्या पानाचा.

दुसरी गोष्ट रंगाची. पुष्कळ लोक छायाचित्र ‘स्वच्छ’ करण्यासाठी त्याचे काळे-पांढरे रूप करून पाठवितात. हे करू नये. मूळ नोंद निळ्या-काळ्या शाईची, दुरुस्ती लाल शाईची आणि सही पुन्हा निळी, असा भेद असला तर तोच आपला मोठा साक्षीदार असतो. काळे-पांढरे करताच तो मुका होतो. फिकट निळी सही तर कधी कधी कागदाबरोबर पांढरी होऊन नाहीशीच होते, आणि मग सहीची दुरुस्ती बिनसहीची ठरते.

आता खाडाखोडीच्या तीन जाती पाहू. आडवी रेघ मारून जुना आकडा वाचता येईल असा ठेवलेला आहे, वर किंवा शेजारी नवा आकडा स्वच्छ लिहिला आहे आणि त्यापुढे सही व तारीख आहे, ही पहिली जात. येथे लिहिणाराने आपण काय बदलले, केव्हा बदलले आणि कोणी बदलले हे तिन्ही सांगितले. असा नवा आकडा घ्यावा. दुसरी जात रेघ आहे, नवा आकडा आहे, पण सही नाही. तिसरी जात सर्वांत वाईट. जुन्या आकड्यावरच नवा गिरवला, १ चा ९ केला, २ ला आणखी एक वळण देऊन ३ केला. यात जुना आकडा लपतो आणि नवा पुरता उमटत नाही. आमच्या देवनागरी आकड्यांत १ आणि ९ हे या बाबतीत फार बदनाम भाऊ आहेत.

सहीबद्दल एक गैरसमज असा आहे की ती असली की काम झाले. सही कोणाची, हेही विचारावे लागते. तलाठ्याने लिहिताना हात चुकला आणि त्याच वेळी खोडून त्याने आपली सही केली, तर ते योग्यच आहे. परंतु प्रमाणित झालेल्या फेरफाराने आलेले क्षेत्र नंतर बदलायचे, तर ते तलाठ्याच्या नुसत्या सहीने बदलत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय आहे, पण त्यासाठी आदेश लागतो आणि संबंधितांना नोटीस द्यावी लागते. म्हणून सहीशेजारी फेरफाराचा वा आदेशाचा क्रमांक आहे का, हे पाहावे. आणि ती सही त्याच पानावर अन्यत्र असलेल्या तलाठ्याच्या सहीसारखी आहे का, तेही पाहावे.

आणखी एक खूण आपल्याकडे विशेष. सातबाऱ्यावर नाव कमी करताना ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. २०२० सालच्या नव्या नमुन्यापासून संगणकीय उताऱ्यावर कंसाबरोबर आडवी रेघही दिसते. कंसातील नाव म्हणजे चूक नव्हे. तो एके काळचा खरा खातेदार. ते ‘खोडलेले’ म्हणून गाळून टाकले तर शेताचा इतिहासच गाळला जातो.

इथपर्यंतचे नियम कोणालाही पाठ करता येतील. खरी अडचण कशी येते हे एका उदाहरणाने पाहू. आकडे आम्ही समजुतीसाठी योजले आहेत, पण अशी पाने प्रत्यक्षात भेटतात.

एक गट, लागवडीयोग्य क्षेत्र ४ हेक्टर ८६ आर. पूर्वी तीन भाऊ, प्रत्येकी १.६२. जुन्या हिशोबाने प्रत्येकी ४ एकर. एक एकर म्हणजे ४०.४७ आर, तेव्हा हा मेळ बरोबर बसतो. मधल्या भावाने काही जमीन विकली. त्याच्या नावापुढील १.६२ हा आकडा रेघ मारून खोडला आहे, वर ०.८१ लिहिले आहे, पुढे सही आणि फेरफार क्रमांक ४१८ आहे. एवढेच असते तर वाद नव्हता. पण त्या ०.८१ वर कोणीतरी जाड शाईने १.२१ गिरवले आहे, आणि त्या गिरवण्यापुढे सही नाही. खाली घेणाराचे नवे नाव आहे, त्याच्यापुढे ०.८१ आणि ०.४१ हे दोन्ही आकडे एकमेकांत गुंतलेले दिसतात.

सामान्य वाचक म्हणेल, बेरीज करून पाहा. ही सूचना चांगली आहे आणि नेहमी आधी तीच करावी. मधला ०.८१ आणि नवा ०.८१, मिळून १.६२. एकूण ४.८६ जुळले. आता दुसरे वाचन घ्या. मधला १.२१ आणि नवा ०.४१, मिळून पुन्हा १.६२! तेही जुळले. बेरीज दोघांच्याही बाजूने साक्ष देते, म्हणजे कोणाच्याच बाजूने देत नाही. यात नवल नाही. जो कोणी दोन आकडे बदलतो, तो प्रामाणिक असो वा नसो, बेरीज सांभाळूनच बदलतो. म्हणून एकच आकडा बिघडला असेल तेव्हा बेरीज न्यायाधीश असते. दोन बिघडले असतील तेव्हा ती कारकून असते.

मग आकाराकडे वळावे. या पानावर नावापुढे क्षेत्राबरोबर आकारही लिहिला आहे. पूर्ण गटाचा आकार ९ रुपये ७२ पैसे, म्हणजे हेक्टरी दोन रुपये. नव्या माणसापुढे आकार १ रुपया ६२ पैसे आहे आणि तो आकडा स्वच्छ आहे, त्यावर खाडाखोड नाही. १.६२ ला दोनाने भागले की ०.८१ येते. यावरून काय सिद्ध झाले? पुष्कळजण येथे थांबतात आणि ०.८१ लिहून मोकळे होतात. पण आकाराने एवढेच सांगितले की आधी ०.८१ लिहिले होते आणि ०.४१ मागाहून झाले. मागाहून झालेली दुरुस्ती खोटीच असते असे नाही. कदाचित दुरुस्ती करणाराने क्षेत्र सुधारले आणि आकार सुधारायचा राहिला असेल. क्रम कळला, अधिकार कळला नाही.

एक बारीक धागा आणखी आहे. १.२१ म्हणजे बरोबर तीन एकर. मग विकलेला भाग एक एकर धरावा, तर तो ०.४० व्हायला हवा. पानावर मात्र ०.४१ आहे. तो जादा एक आर बेरीज साधण्यासाठी घातलेला दिसतो. यावरून कोणी लगेच लबाडी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. एकराचे आर करताना पूर्णांकाचा असा एखादा आर उरतोच आणि तो कोणाच्या तरी पदरात टाकावा लागतो. चांगले तलाठीही तो टाकीत. हा संशय जागा करणारा धागा आहे, त्याने फास लावता येत नाही.

शेवटी ज्याच्या आधाराने आकडा पानावर आला त्याच्याकडेच जावे लागते, म्हणजे गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही, क्रमांक ४१८. समजा तेथे विक्रीचे क्षेत्र ०.८१ आहे आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली आहे; पुढच्या फेरफारांत या गटाविषयी दुसरा आदेश नाही. मग १.२१ आणि ०.४१ यांना आधार उरत नाही. आपण ०.८१ घ्यायचे. उलट ४१८ मध्ये क्षेत्र एक एकर असते, तर सही नसूनही गिरवलेलाच आकडा खऱ्याच्या जवळचा ठरला असता. म्हणजे सही नसणे हा दुरुस्तीचा दोष आहे, तो आकड्याच्या खोटेपणाचा पुरावा नव्हे.

कोणी म्हणेल, खातेउतारा, आठ-अ, का पाहिला नाही? जरूर पाहावा, पण त्याचे साल आधी पाहावे. आठ-अ हा सातबाऱ्यावरूनच तयार होतो. गिरवल्यानंतरच्या वर्षीचा असेल तर तो गिरवलेलाच आकडा सांगेल आणि आपल्याला वाटेल की दोन साक्षीदार मिळाले. प्रत्यक्षात साक्षीदार एकच, दुसरा त्याचा प्रतिध्वनी. गिरवण्यापूर्वीचा आठ-अ मिळाला तर मात्र तो मोलाचा.

जुन्या उर्दू कागदांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या भागात ते टळत नाहीत. उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण तिच्यातले आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे. तेथील पाच हा लहान वाटोळा असतो आणि मराठी डोळ्याला तो हमखास शून्य वाटतो. शून्य मात्र नुसता ठिपका असतो. म्हणजे माशीचा डाग, वाळवीचे छिद्र वा शाईचा शिंतोडा एकाचे दहा करू शकतो. दोनाला एक दात असतो आणि तिनाला दोन. तेवढा एक दात वाढविला की दोनाचे तीन. छायाचित्र मोठे करून पाहिले तर लेखणीचा ठिपका सामान्यतः आकड्याच्याच शाईचा आणि त्याच जाडीच्या टोकाचा दिसतो. डागाची कड वेगळी असते. तरीही शंका राहिली तर ठिपका मानू नये, बेरीज घ्यावी. आणि साल वाचताना फसलीत ५९० मिळविल्यास इसवी सन साधारण मिळते, हे लक्षात ठेवावे. १३५९ हे साल पाहून कोणी चौदाव्या शतकात जाऊ नये.

आता क्षेत्राहून नाजूक आकडा कोणता, तर तारखेचा. किनवट तालुक्यात गोंड, कोलाम, आंध असे समाज पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत आले आहेत. महाराष्ट्रात १९७४ साली अनुसूचित जमातींच्या जमिनी परत देण्याविषयीचा कायदा झाला. त्यात १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेल्या जमिनींचा विचार आहे. त्यानंतरच्या हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीचा वेगळा नियम लागतो. म्हणून फेरफाराच्या तारखेत ५६ आहे की ५७, एवढ्यावर एखाद्या कुटुंबाचा दावा उभा राहतो किंवा अर्जाच्या पहिल्याच पानावर पडतो.

समजा फेरफार क्रमांक ९८ ची तारीख ३-४-५६ की ३-४-५७ हे गिरवण्यामुळे कळत नाही. येथे बेरीज नाही, आकार नाही. परंतु नोंदवहीला एक शिस्त असते, क्रमांक वाढत जातात तशा तारखाही वाढत जातात. म्हणून ९८ चे एकट्याचे छायाचित्र घेऊन कधीच बसू नये. अलीकडच्या-पलीकडच्या पानांचीही छायाचित्रे मागवावीत. क्रमांक ९७ वर २० फेब्रुवारी १९५७ आणि ९९ वर १८ एप्रिल १९५७ अशा स्वच्छ तारखा असतील, तर मधला आकडा ५६ असणे कठीण. एखादे वेळी तलाठ्याने राहिलेली जुनी नोंद मागाहून चढविलेली असते, म्हणून दोनच नव्हे, मागेपुढे पाच-सहा नोंदी पाहाव्यात आणि वहीत असा उलटा क्रम अन्यत्र आढळतो का ते तपासावे. एवढे करूनही जी तारीख मिळाली ती नोंदीची तारीख आहे. खरेदी केव्हा झाली, ताबा केव्हा गेला, नोंद प्रमाणित केव्हा झाली, या तारखा निराळ्या असू शकतात आणि दावा प्रत्यक्ष हस्तांतरणाच्या तारखेवर चालतो. तक्त्यात त्या एकाच रकान्यात कोंबू नयेत.

येथे बँकांनी काय केले ते सांगण्यासारखे आहे. पूर्वी धनादेशावर रक्कम वा नाव खोडून सही केली की चालत असे. पुढे धनादेश स्वतः न पाठवता त्याची प्रतिमा पाठवून वटविण्याची पद्धत आली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०१० पासून या पद्धतीत मुदतीच्या तारखेखेरीज कोणतीही दुरुस्ती चालणार नाही, नवा धनादेश लिहावा, असा नियम केला. प्रतिमेवर खाडाखोड पारखता येत नाही, हे त्यांनी ओळखले. आपल्याला ती सोय नाही. १९५७ सालचा तलाठी नवे पान लिहून द्यायला येणार नाही.

उतरवून घेण्याची रीत आम्ही अशी ठेवतो. एकच पान दोघांनी एकमेकांचे न पाहता वाचायचे आणि मग पडताळायचे. दोघांचे वाचन सारखे आले तरी खाडाखोडीच्या जागी एकच आकडा लिहीत नाही. खालचा आकडा जितका दिसतो तितका, वरचा आकडा, सही आहे की नाही, आणि आपण जो निवडला त्याचा आधार, अशा चार जागा असतात. वरच्या उदाहरणात तिथे ‘०.८१, वर गिरवलेले ०.४१, सही नाही. आधार फेरफार ४१८’ असे लिहिले जाईल. दहा वर्षांनी कोणाला आमची निवड पटली नाही तर त्याला पुन्हा छायाचित्रापासून सुरुवात करावी लागू नये. आणि आधार सापडलाच नाही तर निवडीची जागा कोरी ठेवून ‘निर्णय होत नाही’ असे लिहितो. पुष्कळांना हे आवडत नाही. त्यांना प्रत्येक घरात आकडा हवा असतो, आणि मग ते दोन्हींची सरासरी काढण्यापर्यंत जातात! ०.८१ आणि ०.४१ यांची सरासरी ०.६१ ही त्या शेतात कोणाचीच जमीन नाही.

कोऱ्या राहिलेल्या जागांसाठी तहसिलात जावे लागते. तेथे एक सावधगिरी घ्यावी. अभिलेख कक्षातून नुसती ‘नक्कल’ मागितली तर कधी कधी हाताने वा यंत्रावर पुन्हा लिहिलेली प्रत मिळते. ती शिक्क्याची असते, स्वच्छ असते, आणि खाडाखोड तिच्यात दिसतच नाही, कारण लिहिणाराने दोन आकड्यांतून एक आपल्या मताने निवडलेला असतो. म्हणून अर्जातच लिहावे की मूळ पानाची छायाप्रत हवी, पाठच्या बाजूसह. आणि पान प्रत्यक्ष पाहायला मिळाले तर खिडकीशी उभे राहून, दिवा न लावता, बाजूच्या उजेडात दुसरे छायाचित्र घ्यावे. जेथे लेखणी दोनदा फिरली तेथे कागद दबलेला असतो, आणि समोरच्या झगझगीत दिव्यात न दिसलेली ती खाच तिरप्या उजेडात सावली धरते. त्या सावलीवरून खालचा ४ होता की ८ होता, हे निदान निम्म्या वेळा तरी ठरविता येते. उरलेल्या वेळी तक्त्यातली ती जागा कोरीच राहते.